कॅमेऱ्याजवळची वस्तू कुठे गेली?

ओपनजीएलमध्ये बिनचूक दिसणारा त्रिमितीय देखावा जसाच्या तसा व्हल्कनमध्ये नेला, तर पडद्यावर घर उलटं उभं राहतं. छप्पर खाली, अंगण वर. ही चूक पाहताक्षणी कळते आणि एका उणे चिन्हाने दुरुस्तही होते, त्यामुळे बहुतेक जण तेवढं करून पुढे जातात. पण त्याच वेळी आणखी एक चूक झालेली असते आणि ती बोलत नाही. कॅमेऱ्याच्या अगदी जवळच्या एका पट्ट्यातल्या वस्तू पडद्यावरून नाहीशा झालेल्या असतात. त्या पट्ट्यात नेमकं काही नसेल, तर महिनोन् महिने कुणाला पत्ता लागत नाही.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे: सोळा आकड्यांचा एक चौकोन, ज्याला पर्स्पेक्टिव्ह प्रोजेक्शन मॅट्रिक्स म्हणतात. हे सोळा आकडे लोक कुठून तरी उचलतात आणि प्रोग्राममध्ये डकवतात. माझ्या मते ही उचलेगिरीच सगळ्या घोटाळ्याचं कारण आहे, कारण हे आकडे मांडायला दहावीच्या पुस्तकातले समरूप त्रिकोण आणि दोन साधी समीकरणं पुरतात. एकदा ती स्वतः सोडवली की ओपनजीएल आणि व्हल्कन नेमके कुठे वेगळे होतात, ते आपोआप दिसतं.

आधी या दोघांची ओळख. ग्राफिक्स कार्डाला काय आणि कसं काढायचं हे सांगण्याचे हे दोन ठरावीक मार्ग. ओपनजीएल सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकी कंपनीने १९९२ मध्ये आणलं. व्हल्कन फेब्रुवारी २०१६ मध्ये क्रोनोस ग्रूपने प्रसिद्ध केलं आणि आज दोन्हींची देखभाल हाच गट करतो. घराणं एकच, पण पडद्याकडे जाणाऱ्या आकड्यांबद्दलचे दोघांचे नियम वेगळे.

आता भूमिती. लिओन बात्तिस्ता अल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकलेवरच्या आपल्या ग्रंथात चित्राची जी कल्पना मांडली, तीच इथे उपयोगी पडते. डोळ्यापासून वस्तूंपर्यंत जाणाऱ्या दृष्टिकिरणांचा एक पिरॅमिड तयार होतो आणि त्याला मध्येच आडवा छेद दिला की चित्र मिळतं. आपला डोळा, म्हणजे कॅमेरा, आपण शून्यबिंदूवर ठेवू. x उजवीकडे, y वर आणि कॅमेऱ्याची नजर उणे z च्या दिशेला. म्हणजे समोर पाच मीटरवर असलेल्या बिंदूचा z उणे पाच. नजर उणे दिशेला ठेवणं विचित्र वाटतं, पण ओपनजीएलच्या जगात हाच रिवाज आहे आणि व्हल्कनमध्ये काम करणारेही बहुधा तो तसाच ठेवतात.

समोर एक मीटरवर काच उभी आहे असं समजा. बिंदू (4, 2, -5) पासून डोळ्याकडे येणारा किरण काचेला कुठे छेदतो? मोठ्या त्रिकोणात अंतर पाच आणि उंची दोन, छोट्यात अंतर एक. त्रिकोण समरूप आहेत, म्हणून काचेवरची उंची २ भागिले ५, म्हणजे ०.४. तसंच आडवं स्थान ४ भागिले ५, म्हणजे ०.८. दूरची वस्तू लहान दिसते याचं सगळं गणित एवढंच: अंतराने भागा.

काच किती मोठी धरायची हे कॅमेऱ्याच्या दृष्टिकोनाच्या मापावर ठरतं. उभा कोन ९० अंश घेतला तर मध्यरेषेच्या वर ४५ अंश आणि खाली ४५ अंश. tan 45° एक असल्याने काच उणे एकपासून अधिक एकपर्यंत पसरते. कोन वेगळा असेल तर अर्ध्या कोनाच्या tan ने भागायचं. त्या व्यस्ताला आपण s म्हणू. आपल्या उदाहरणात s = 1. पडदा मात्र चौरस नाही, समजा १६०० × ९०० पिक्सेलचा आहे. रुंदी-उंचीचं हे प्रमाण a = 16/9 आडव्या दिशेला भागून टाकलं की आडवी मर्यादाही उणे एक ते अधिक एक होते. आपल्या बिंदूचा ०.८ मग ०.४५ होतो.

इथपर्यंत मॅट्रिक्सची गरजच पडली नाही आणि अडचण इथेच सुरू होते. मॅट्रिक्सला फक्त ठरावीक आकड्यांनी गुणता येतं आणि बेरीज करता येते. बिंदूच्या स्वतःच्याच z ने भागणं तिच्या आवाक्याबाहेर आहे. यावरचा उपाय असा: प्रत्येक बिंदूला w हा चौथा आकडा जोडतात. मॅट्रिक्स भागाकार करत नाही. कशाने भागायचं तेवढं ती w मध्ये लिहून ठेवते आणि प्रत्यक्ष भागाकार ग्राफिक्स कार्ड नंतर करतं. समोरच्या बिंदूचं अंतर म्हणजे -z, म्हणून w मध्ये -z जातो.

```
x_clip = (s/a) * x
y_clip =  s * y
z_clip =  A * z + B
w_clip = -z
```

मॅट्रिक्सचा गुणाकार झालेला आहे पण भागाकार अजून व्हायचा आहे, या मधल्या अवस्थेला क्लिप स्पेस म्हणतात. लगेच भागून का टाकत नाहीत? कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या बिंदूंमुळे. समजा बिंदू (4, 2, 5) आहे, म्हणजे पाठीमागे पाच मीटर. त्याचा w उणे पाच येतो. डोळे झाकून भागलं तर x उणे ०.४५ आणि y उणे ०.४ मिळतो, म्हणजे पाठीमागची वस्तू समोरच्या पडद्यावर डावीकडे खाली उलटी उगवेल. म्हणून भागाकाराआधी तपासणी होते: x हा -w आणि w यांच्या दरम्यान हवा, y सुद्धा. w उणे असेल तर ही अट पूर्ण होणं शक्यच नाही आणि बिंदू बाद होतो. त्रिकोण अर्धा आत, अर्धा बाहेर असेल तर तो मर्यादेवर कापला जातो आणि आतला तुकडा तेवढा पुढे जातो. 'क्लिप' हे नाव या कापण्यावरूनच आलं.

राहिली तिसरी ओळ, आणि खरी गंमत तिच्यात आहे. x आणि y सापडल्यावर चित्र पूर्ण झालं असं वाटेल, पण कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे हे ठरवायला खोलीचा आकडाही लागतो. प्रत्येक पिक्सेलसाठी हा आकडा डेप्थ बफर नावाच्या स्मृतीत साठवला जातो आणि नवा त्रिकोण आला की तुलना होते. z लाही w ने भागलं जाणार हे ठरलेलंच आहे. त्यामुळे खोलीचं सूत्र (Az + B)/(-z) असंच असणार. A आणि B या दोन अज्ञात संख्या शोधायला दोन अटी लागतात आणि त्या आपणच ठरवतो. सर्वांत जवळची मर्यादा n, सर्वांत लांबची f. त्या दोन ठिकाणी खोली किती यावी?

इथे वाटा फुटतात. ओपनजीएल म्हणतं, जवळच्या मर्यादेवर -1, लांबच्या मर्यादेवर 1. व्हल्कन म्हणतं, जवळ 0, लांब 1. बाकी सगळं तेच.

ओपनजीएलसाठी z = -n ठेवलं की (-An + B)/n = -1, आणि z = -f ठेवलं की (-Af + B)/f = 1. पहिल्यातून B = An - n. तो दुसऱ्यात घातला की A मिळतो. व्हल्कनमध्ये पहिली अट आणखी सोपी आहे: -An + B = 0, म्हणजे B = An. उत्तरं अशी:

```
OpenGL:  A = -(f+n)/(f-n)    B = -2fn/(f-n)
Vulkan:  A = -f/(f-n)        B = -fn/(f-n)
```

आकडे घालून पाहू. n एक मीटर आणि f १०१ मीटर घेतले, म्हणजे भागाकार शंभराने होतो आणि डोकं शांत राहतं. ओपनजीएलमध्ये A = -1.02 आणि B = -2.02, तर व्हल्कनमध्ये A आणि B दोन्ही -1.01. आपला पाच मीटरवरचा बिंदू ओपनजीएलमधून गेला तर z_clip ३.०८ येतो, पाचने भागून ०.६१६. व्हल्कनमधून ४.०४, भागून ०.८०८. हे आकडे वेगळे दिसले तरी माहिती एकच सांगतात. ओपनजीएल नंतर स्वतःच ०.६१६ मध्ये एक मिळवून निम्मं करतं आणि डेप्थ बफरमध्ये ०.८०८ च लिहितं. व्हल्कनने ही मधली पायरी काढून टाकली आहे.

आता सुरुवातीच्या गुपचूप चुकीकडे येऊ. ओपनजीएलची मॅट्रिक्स व्हल्कनला दिली तर काय होईल? व्हल्कनची कापण्याची अट z साठी 0 ते w अशी आहे. ओपनजीएलच्या मॅट्रिक्समधून -1 ते 0 या टप्प्यात येणारे सगळे बिंदू तिथे बाद होतात. ही शून्याची रेषा प्रत्यक्षात किती अंतरावर आहे? Az + B = 0 सोडवलं की अंतर 2fn/(f+n) मिळतं. आपल्या उदाहरणात २०२ भागिले १०२, म्हणजे १.९८ मीटर. एक मीटरपासून जवळजवळ दोन मीटरपर्यंतचा पट्टा पुसला गेला. f हा n पेक्षा खूप मोठा असेल तर हे सूत्र जवळपास 2n देतं, म्हणजे जवळची मर्यादा चुपचाप दुप्पट होते.

ही चूक एवढी टिकते का, ते यातूनच कळतं. लोक सहसा n खूप लहान घेतात, समजा दहा सेंटिमीटर. मग नाहीसा होतो तो दहा ते वीस सेंटिमीटरचा पट्टा. त्या अंतरावर एरवी काहीच नसतं. खेळाडूच्या हातातलं हत्यार, कॉकपिटमधली कळ किंवा भिंतीला नाक लावून उभा राहिलेला कॅमेरा आला की भिंतीला अचानक भोक पडतं आणि पलीकडची खोली दिसते. मग लोक n कमी करतात, भोक लहान होतं आणि दुरुस्ती झाली असं समजून फाइल बंद होते.

उलट चूकही होते: व्हल्कनची मॅट्रिक्स ओपनजीएलमध्ये. तिथे काही नाहीसं होत नाही, उलट जास्तच दिसतं. ओपनजीएल -1 पर्यंत कापत नाही, आणि आपल्या आकड्यांत ती रेषा अर्ध्या मीटरवर येते. खरी किंमत मोजावी लागते ती डेप्थ बफरमध्ये, कारण ठरवलेल्या मर्यादांमधल्या साऱ्या वस्तूंची खोली ०.५ ते १ एवढ्यातच कोंबली जाते.

आता उलट्या घराची गोष्ट. भागाकारानंतर आपल्या बिंदूचा y ०.४ आला. ओपनजीएलमध्ये y वरच्या दिशेला वाढतो, गणिताच्या वहीतल्या आलेखासारखा. पिक्सेल मोजणीही खालून सुरू होते. ९०० ओळींच्या पडद्यावर बिंदू खालून ६३० व्या ओळीच्या उंचीवर पडतो, म्हणजे वरून २७० वर. व्हल्कनमध्ये y खालच्या दिशेला वाढतो आणि मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून होते. तोच ०.४ तिथे वरून ६३० वर जातो. मध्यरेषेच्या वर असायला हवा होता, तो खाली गेला. मॅट्रिक्समधल्या y च्या आकड्याला उणे चिन्ह दिलं की ०.४ चा उणे ०.४ होतो आणि बिंदू वरून २७० वर परत येतो.

दुसरा मार्ग व्ह्यूपोर्टची उंची उणे देण्याचा. तो व्हल्कन १.१ पासून मूळ नियमांतच आहे आणि व्ह्यूपोर्टचा आरंभबिंदूही तेव्हा खालच्या कडेला न्यावा लागतो. मला हा मार्ग अधिक स्वच्छ वाटतो, कारण मॅट्रिक्स गणिताची राहते आणि पडद्याची भानगड पडद्यापाशी मिटते. दोन्ही मार्ग एकदम मात्र वापरू नयेत. दोन उलट्या एकमेकींना रद्द करतात आणि घर पुन्हा डोक्यावर उभं राहतं. मोठ्या प्रोग्राममध्ये हे दोन वेगवेगळ्या माणसांकडून सहज घडतं.

y उलटवला की आणखी एक गोष्ट बदलते. त्रिकोणाचे तीन कोपरे घड्याळाच्या दिशेने आहेत की उलट, यावरून कार्ड त्याची पुढची बाजू ओळखतं आणि मागच्या बाजू काढायचं टाळतं. उलट्या चित्रात ही दिशाही उलटी दिसते. कुणी उलट्या चित्रावर पुढची बाजू `VK_FRONT_FACE_CLOCKWISE` अशी लावून ठेवली असेल, तर चित्र सरळ केल्यावर पुढच्या भिंती गायब होतात आणि घराचा आतला भाग दिसू लागतो. ओपनजीएलच्या रिवाजाने बनवलेल्या आकृत्यांसाठी, चित्र सरळ दिसत असताना, `VK_FRONT_FACE_COUNTER_CLOCKWISE` हे बरोबर. पोकळ घर दिसलं तर मॅट्रिक्सचे आकडे उगाच हलवू नयेत. दोष या एका सेटिंगमध्ये असतो.

जीएलएम ही सी++ मधली लोकप्रिय गणित लायब्ररी मुळात ओपनजीएलच्या रिवाजाने लिहिलेली आहे. व्हल्कनसाठी ती वापरताना दोन गोष्टी कराव्या लागतात:

```
#define GLM_FORCE_DEPTH_ZERO_TO_ONE
#include <glm/glm.hpp>
#include <glm/gtc/matrix_transform.hpp>

glm::mat4 P = glm::perspective(
    glm::radians(90.0f), 16.0f/9.0f, 1.0f, 101.0f);
P[1][1] *= -1.0f;
```

शेवटची ओळ सगळ्यांना ठाऊक असते, कारण ती नसेल तर घर उलटं दिसतं. पहिली ओळ विसरली जाते, कारण ती नसली तरी चित्र 'ठीक' दिसतं. शिवाय ती प्रत्येक फाइलमध्ये जीएलएमच्या आधी यावी लागते. दहा फाइलींपैकी एकीत राहून गेली तर तेवढ्या फाइलीतली मॅट्रिक्स वेगळी निघते. म्हणून ती फाइलीत न लिहिता कंपायलरच्या सेटिंगमध्येच टाकून द्यावी.

एक प्रश्न उरतो: खोली -1 पासून मोजा किंवा 0 पासून, यात खरंच कुणी सरस आहे का? वर आपण पाहिलं की पाच मीटरवरच खोली ०.८०८ झाली. दोन मीटरवर ती ०.५०५ असते, पन्नास मीटरवर ०.९८९८. म्हणजे पहिल्या एका मीटरने निम्मी जागा खाल्ली आणि पन्नासपासून १०१ मीटरपर्यंतच्या सगळ्या डोंगरांना, झाडांना जेमतेम एक टक्का उरला. w ने भागण्याचा हा अटळ परिणाम आहे. दूरचे दोन पृष्ठभाग जवळजवळ असले तर त्यांचे खोलीचे आकडे सारखेच होतात आणि कॅमेरा हलला की ते लुकलुकू लागतात.

यावर आज सर्रास वापरला जाणारा तोडगा म्हणजे दोन अटींची अदलाबदल: जवळ 1, लांब 0. आपल्या आकड्यांत A = 0.01 आणि B = 1.01. ३२ बिटांच्या दशांश संख्या शून्याजवळ अतिशय दाट असतात आणि एकजवळ विरळ. जिथे खोलीचे आकडे दाटीवाटीने येतात, ते लांबचं टोक असं शून्याजवळ नेलं की अडचण जवळपास मिटते. तुलनेची दिशा आणि बफर पुसण्याचा आकडा मात्र त्याबरोबर उलटवावे लागतात. व्हल्कनमध्ये हे थेट जमतं. ओपनजीएलच्या -1 ते 1 मध्ये लांबचं टोक -1 वर जातं, तिथे संख्या विरळ असतात, आणि नंतर एक मिळवून निम्मं केलं तरी हरवलेली बारकाई परत येत नाही. हे ओळखूनच २०१४ च्या ओपनजीएल ४.५ मध्ये `glClipControl` आलं आणि तिथेही खोली 0 ते 1 ठेवण्याची सोय झाली. म्हणून या बाबतीत माझा कौल व्हल्कनच्या बाजूने. y ची दिशा हा निव्वळ रिवाज आहे, 0 ते 1 ही मर्यादा मात्र गणिताने जिंकलेली आहे.

नवी मॅट्रिक्स हाती आली, स्वतः मांडलेली असो की उचललेली, तर चित्र काढण्याआधी तिला तीन बिंदू द्या: (0, 0, -n), (0, 0, -f) आणि काचेच्या वरच्या कडेवरचा एक. w ने भागल्यावर साध्या व्हल्कन मांडणीत पहिल्याची खोली 0, दुसऱ्याची 1 यायला हवी आणि तिसऱ्याचा y -1. व्ह्यूपोर्ट उलटवला असेल तर 1. पहिला आकडा -1 आला, तर जवळचा पट्टा कापला जाणार आहे, समोरचं चित्र कितीही चांगलं दिसत असलं तरी.